बांध सरकलाय, पण किती? हद्द कायम मोजणी मागण्याआधी

दौंड तालुक्यात आमचा गट नंबर ३१२ आहे, सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, आता आई, मी आणि धाकटा भाऊ अशी तिघांची नावं लागली आहेत. मी हडपसरला राहते, शेती भाऊ बघतो, ऊस आहे. पूर्वेला ३१३ मध्ये शेजारचे तात्या. बांध दरवर्षी थोडा थोडा आमच्याकडे सरकतोय आणि उत्तरेच्या कोपऱ्यातला दगड यंदा दिसेना. भावाने मोबाइल घेऊन शेताला फेरी मारली, तर १ हेक्टर ५६ आर भरलं. म्हणजे सहा आर गेले! तहसीलदारांकडे मोजणीचा अर्ज करायचा का? तात्या म्हणतात, ‘मी सही देणार नाही, बघू कशी मोजता.’ मोजणी झाली की जागा लगेच ताब्यात येते का? सातबाऱ्याचा फोटो सोबत पाठवते.
– एक वाचक, हडपसर

नमस्कार ताई,

सहा आर गेले असं तात्यांना अजून कुणी बोललं नसेल, तर तूर्त बोलू नका. आधी तुम्ही पाठवलेला सातबाराच नीट वाचू.

क्षेत्राच्या रकान्यात तीन आकडे आहेत. लागवडीयोग्य १ हेक्टर ५८ आर, त्याखाली पोटखराब ४ आर आणि मग एकूण १ हेक्टर ६२ आर. पोटखराब म्हणजे पीक न येणारा भाग; ओढ्याची दरड, खडक, नाला असं काहीबाही. तुमच्या दक्षिणेला ओढा असावा असा माझा अंदाज आहे. भाऊ मोबाइल घेऊन फिरला तो साहजिकच उसाच्या कडेने फिरला असणार, ओढ्याच्या दरडीत कशाला उतरेल? म्हणजे त्याचे १५६ आर ताडून बघायचे ते १५८ शी, १६२ शी नव्हे. सहातले चार इथेच सुटले.

राहिले दोन. आता मोबाइलचं बघा. उघड्या शेतातसुद्धा फोन तुमची जागा तीन-चार मीटर इकडेतिकडे दाखवतो. तुमची पूर्वेची बाजू साधारण १४० मीटर धरली आणि तेवढ्या एकाच बाजूला फोन तीन मीटर चुकला, तरी ४२० चौरस मीटर होतात, म्हणजे चार आरांहून जास्त. जी वस्तू चार आर चुकू शकते तिच्या भरवशावर दोन आरांचं भांडण मांडता येत नाही. बांध सरकलेला नाही असं मी म्हणत नाही. दगड गायब झालाय, म्हणजे काहीतरी झालेलं आहे. पण किती सरकलाय आणि कुठे, हे क्षेत्राच्या बेरजेतून कळणार नाही. त्यासाठी हद्दीची रेषाच शोधावी लागते, आणि ती शोधण्याचं सरकारी नाव आहे ‘हद्द कायम मोजणी’.

हा अर्ज तहसीलदारांकडे करायचा नसतो. मोजणीचं खातं वेगळं आहे. तुमच्या तालुक्याचे उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडे अर्ज जातो. जुनी माणसं अजून ‘टीआयएलआर ऑफिस’ म्हणतात, गावात विचाराल तर तेच नाव सांगा. त्यांच्या वर जिल्हा अधीक्षक, आणि सगळ्यात वर जमाबंदी आयुक्त, ते आपल्या पुण्यातच बसतात. अर्ज आता ई-मोजणीवर ऑनलाइन होतो, रस्ता mahabhumi.gov.in वरून आहे. तालुक्याच्या कार्यालयात जाऊनही भरून घेता येतो. डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार ठेवलेत, नियमित आणि द्रुतगती. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमितला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,००० रुपये. तुमचा गट दोन हेक्टरांच्या आत आहे. तुम्हाला द्रुतगतीची गरज नाही, का ते पुढे उसाच्या निमित्ताने येईलच.

तात्यांच्या सहीचं म्हणाल, तर ती लागतच नाही. तुमच्या जमिनीची हद्द दाखवून मागण्याचा हक्क तुमचा आहे. तात्यांना फक्त नोटीस जाते, मोजणीच्या साधारण पंधरा दिवस आधी. ते आले तर उत्तम, नाही आले तर गैरहजर म्हणून पंचनाम्यात लिहून मोजणी होते, आले आणि सही नाकारली तर तसं लिहून होते. सही लागते ती तुमच्याच घरातली. तिघांची नावं आहेत, तर अर्जावर तिघांच्या सह्या घ्या. घरातलाच एखादा सहधारक मोजणीच्या दिवशी ‘मला कुणी विचारलं नाही’ म्हणून उभा राहिला की शेजाऱ्याला आयतं कोलीत मिळतं. हे मी माझ्या मोजणीच्या नोकरीत इतक्या वेळा पाहिलंय की शेवटी शेवटी बांधावर पोचल्यावर आधी सख्ख्या भावांची तोंडं बघायचो, मग शेजाऱ्याचं.

नोटिशीत मात्र एक खाच आहे. अर्जात चारी बाजूंच्या लगतच्या कब्जेदारांची नावं आणि पत्ते तुम्ही द्यायचे असतात. लोक काय करतात, वर्षानुवर्षं तोंडात बसलेली नावं लिहून देतात. प्रत्यक्षात उत्तरेचा माणूस वारलेला असतो, पश्चिमेच्याने दहा गुंठे विकलेले असतात. मग ज्याला नोटीस मिळाली नाही तो नंतर हरकत घेतो आणि सगळी मोजणी पुन्हा वादात. म्हणून ३१३ चाच नव्हे, लागून असलेल्या प्रत्येक गटाचा ताजा सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो. त्यावरची नावं जशीच्या तशी अर्जात उतरवा. तात्यांच्या सातबाऱ्यावर त्यांच्या बहिणींची नावं असतील तर त्याही लगतच्या कब्जेदार, त्यांनाही नोटीस.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमकं याच्याकडे कुणी बघत नाही. मोजणीदार शेतात येतो तेव्हा तो कशावरून हद्द सांगतो? सातबाऱ्यावरून नाही. सातबारा सांगतो मालक कोण आणि क्षेत्र किती. रेषा कुठून कुठे जाते हे त्यात कुठेच नसतं. गट नकाशावर रेषा असते, पण त्या नकाशाचं प्रमाण बघा, एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं. समजा १:५००० असेल, तर नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. पेन्सिलीची रेघ पाव मिलिमीटर जाड धरली तरी ती शेतात सव्वा मीटर रुंद झाली. आणि तुमचा वाद बहुतेक तेवढ्याच रुंदीचा आहे! नुसत्या गट नकाशावर पट्टी ठेवून तो सुटणार नाही.

सुटतो तो टिपणावर. टिपण म्हणजे मूळ मोजणीच्या वेळी त्या शेतात उभं राहून काढलेला कच्चा आराखडा, ज्यावर प्रत्येक बाजूची लांबी आकड्यात लिहिलेली असते. या पद्धतशीर मोजणीची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, १८३५-३६ च्या सुमारास विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी केली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आजही आपण तोच वापरतो. एक आणा म्हणजे दोन फुटांना किंचित जास्त. टिपण आण्यापर्यंतच लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन फुटांच्या आतल्या वादाला हा कागद उत्तर देऊ शकत नाही, हेही मनात धरून ठेवा. दोन वितींच्या भांडणासाठी जिल्ह्याच्या फेरमोजणीपर्यंत गेलेली माणसं मला माहीत आहेत.

तुमचा गट आहे, म्हणजे तुमच्या गावात जमिनीचे तुकडे एकत्र करून गट पाडणारी एकत्रीकरण योजना झालेली आहे आणि टिपण जुन्या सर्व्हे नंबरचं असणार. तेव्हा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करून तीन गोष्टी मागा: गट नकाशा, एकत्रीकरण योजनेचा ९(३) ९(४) चा उतारा, म्हणजे ३१२ हा कुठल्या जुन्या सर्व्हे नंबरातून झाला ते कळेल, आणि त्या सर्व्हे नंबरचं टिपण. जुन्या नंबरचे हिस्से पडलेले असतील तर फाळणीची, म्हणजे हिस्से मोजून काढलेल्या आराखड्याची, नक्कलही. याच नकला ३१३ च्याही घ्या. मोजणीचा अर्ज भरण्याआधी हे कागद हातात असू द्या. कार्यालय त्यांच्या अभिलेखावरूनच मोजतं हे खरं, पण तुमच्याकडे नकला असल्या की मोजणीदार काय करतोय हे तुम्हाला कळतं, आणि कागद फाटलेला किंवा सापडत नसेल तर ते आधीच कळतं.

इथे एक आडवळण घेतो, कारण हे पत्र वाचणाऱ्या निम्म्या लोकांचा प्रश्न तुमच्यापेक्षा वेगळा असेल. तुमचा वाद दोन गटांमधला आहे, म्हणून तुमच्या रेषेला नकाशा आहे. पण ज्यांचा वाद एकाच गटातल्या दोन भावांमध्ये आहे, सातबाऱ्यावर ‘१’ आणि ‘२’ असे हिस्से पडलेत पण त्यांची फाळणी कधी झालीच नाही, तिथे हद्द कायम मोजणी मागून उपयोग नाही. नकाशावर नसलेली रेषा कायम कशी करणार? तिथे मोजणीदार पूर्ण गटाची बाहेरची हद्द दाखवेल, आतली नाही. त्यांना आधी पोटहिस्सा मोजणी करून हिश्श्यांचा नकाशा तयार करून घ्यावा लागतो, आणि तो सगळ्या हिस्सेदारांच्या संमतीचा मामला आहे. फी भरून, तीन महिने थांबून, शेवटी ‘फाळणी नसल्याने हद्द दाखवता येत नाही’ असा शेरा घेऊन परत आलेली माणसं कमी नाहीत.

बरं, तुमचा अर्ज. त्यात तात्यांनी काय काय केलं त्याची कहाणी लिहू नका. ‘अतिक्रमण काढून मिळावे’ असंही लिहू नका, ते मोजणीदाराच्या हातात नाही. ऑनलाइन अर्जात बहुतेक गोष्टी रकान्यात भरायच्या असतात, पण सोबत साध्या कागदावर विनंती जोडायची तर ती एवढीच असावी:

‘मौजे ……, ता. दौंड, जि. पुणे येथील गट नं. ३१२, एकूण क्षेत्र १ हे. ६२ आर (पोटखराबासह) ही जमीन आम्हा तिघांच्या नावे आहे. पूर्वेकडील गट नं. ३१३ लगतच्या हद्दीवरील उत्तर कोपऱ्याची खूण दिसून येत नाही व हद्दीबाबत वाद आहे. तरी गट नं. ३१२ ची हद्द कायम मोजणी करून अभिलेखाप्रमाणे हद्दीच्या खुणा दाखवून मिळाव्यात, तसेच मोजणी नकाशात प्रत्यक्ष वहिवाटीची रेषा दर्शवून फरकाचे क्षेत्र नमूद करावे, ही विनंती.’

शेवटचं अर्धं वाक्य गाळू नका. नकाशावर अभिलेखाची रेषा आणि वहिवाटीची रेषा दोन्ही असल्या, आणि मधल्या पट्टीचं क्षेत्र आकड्यात लिहिलेलं असलं, तरच तो कागद पुढे कुठे दाखवायच्या कामाचा. नुसते चार दगड दाखवून मिळाले तर सहा महिन्यांनी ‘दगड इथे नव्हता’ हे भांडण नव्याने सुरू.

आता ऊस. तुमच्याकडे ऊस उभा आहे, तात्यांकडेही असणारच. मोजणी आता ईटीएस या दुर्बिणीच्या यंत्राने किंवा उपग्रहावरून जागा टिपणाऱ्या रोव्हरने होते. ईटीएसला समोरचा माणूस दिसावा लागतो, आणि रोव्हरला नजर लागत नसली तरी तो घेऊन प्रत्येक कोपऱ्यावर आणि बांधावर माणसाला पोचावं लागतं. दहा फुटी उसात दोन्ही अवघड. मोजणीदार येतो, बांधावरून बघतो, ‘उभ्या पिकामुळे मोजणी होऊ शकली नाही’ असं लिहून जातो आणि पुढची तारीख कधी मिळेल ते देव जाणे. तेव्हा अर्जाची वेळ तोडणीच्या हिशेबाने ठरवा. तुमचा आणि तात्यांचा ऊस कारखान्याला कधी जातोय हे भावाला बरोबर माहीत असेल. दोन्हीकडची तोड झाल्यावर आणि खोडवा गुडघ्याच्या वर जाण्याआधी तारीख यावी, असा बेत हवा. चौपट फी भरून तीस फुटांवरचं न दिसणाऱ्या उसात मोजणीदार बोलावण्यात काय हशील? पैसे भरून तारीख पडल्यावर पीक उभं राहणार असं दिसलं, तर आधीच लेखी कळवा.

तारखेच्या आधी भावाला एक काम सांगा. उत्तर कोपऱ्यात, जिथे दगड होता असं आठवतंय तिथे आणि आजूबाजूला चार-पाच फुटांत, कुदळीने हलकं उकरून बघायचं. जुने हद्दीचे दगड खोल पुरलेले असायचे. नांगराने वरचा तुकडा मोडतो, बुडखा खाली राहतो. सापडला तर हलवायचा नाही, फोटो काढून मातीने झाकून ठेवायचा. बाहेर कुठे सापडला तर मात्र तो हद्दीचा दगड म्हणून काही कामाचा नाही. मला एकदा असा दगड एका विहिरीवर सापडला होता, घरातली बाई त्यावर धुणं आपटत होती. तासलेला, चौकोनी, एका बाजूला छिन्नीची खूण. कुणी आणला, तर ‘कधीचा आहे, आमच्या सासूबाईंच्या वेळचा’. त्या गावात त्या दगडावरून दोन पिढ्या कोर्टात होत्या. हललेल्या दगडावरून हद्द सांगता येत नाही, आणि चांगला मोजणीदार एकट्या दगडावर तसाही विसंबत नाही.

मोजणीच्या दिवशी तो तुमच्या शेताबाहेर बराच लांब फिरेल, त्याचं नवल वाटू देऊ नका. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला त्रिशेवाचा दगड, जुनी विहीर, रस्त्याचा काठ, शेजारच्या गटांचे न हललेले कोपरे अशा ठिकाणांवर तो आधी यंत्र लावतो. हे सगळं जसं आहे तसं मोजून कागदावर आणतो, मग अभिलेखातला नकाशा त्यावर बसवतो आणि दोन्ही कुठे जुळतात ते बघतो. जितकी जुनी आणि पक्की ठिकाणं जुळली, तितका त्याच्या रेषेवर भरवसा. ‘साहेब, आमचं शेत इकडे आहे’ म्हणून त्याला ओढू नका. उलट, तो फक्त तुमच्या चार बांधांवर फिरून तासाभरात निघाला, तर काळजी करा आणि कुठल्या स्थिर खुणांवरून मोजलं हे नम्रपणे विचारा.

तुमच्या शेताचं एक उदाहरण करून दाखवतो, आकडे माझे कल्पनेतले. समजा टिपणात उत्तरेची आणि दक्षिणेची बाजू ११ साखळ्या ८ आणे लिहिली आहे, म्हणजे ३७९ फूट ६ इंच, मीटरमध्ये ११५.६७. पूर्वेची १३ साखळ्या १५ आणे, म्हणजे सुमारे १४० मीटर. पश्चिमेचे दोन्ही दगड जागेवर आहेत आणि ते इतर खुणांशी जुळले. त्या दगडांपासून मोजणीदाराने आजच्या बांधापर्यंत मोजलं; उत्तरेला ११४.२७ भरलं, दक्षिणेला ११५.४७. म्हणजे उत्तरेच्या टोकाला बांध १.४ मीटर आत आला आहे, दक्षिणेला फक्त २० सेंटिमीटर. दक्षिणेचा फरक एका आण्याच्याही आत आहे, तो सोडून द्या. उत्तरेचे साडेचार फूट मात्र खरे. पट्टी पाचरीसारखी झाली, सरासरी ०.८ मीटर गुणिले १४० म्हणजे ११२ चौरस मीटर, एक गुंठ्याला थोडं जास्त. सहा आरांचा वाद कागदावर एक गुंठ्याचा झाला. आणि कोपऱ्यातला दगड उत्तरेचाच नाहीसा झालाय, हेही मग जुळतं.

याच्या उलटही निघू शकतं, त्याची मनाची तयारी हवी. पूर्वेची रेषा बरोबर, पण पश्चिमेचा रस्ता तुमच्यात सरकलाय, असं मी अनेकदा पाहिलंय. किंवा नकाशाप्रमाणे सगळ्या हद्दी बरोबर आणि तरी क्षेत्र १६२ ऐवजी १६० भरतं, कारण सातबाऱ्यावरचा आकडाच कधीतरी चुकीचा लिहिला गेला. मोजणीदार रेषा दाखवतो, तुमचं क्षेत्र भरून देत नाही. आकड्याची चूक निघाली तर तिच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा, त्यात तात्यांचा काही संबंध नाही.

जागेवर जबाब घेतले जातात. भाऊ भोळा असेल तर त्याला आधी सांगून ठेवा: लिहिलेलं वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि ‘मला मोजणी मान्य आहे’ हे खुणा बघितल्यावरच. तुम्हाला एखादी गोष्ट पटली नाही, उदाहरणार्थ एखादा जुना कोपरा धरलाच नाही, तर तिथेच जबाबात लिहून द्या. घरी येऊन आठवलेल्या हरकतीला वजन नसतं. खुणांसाठी दगड किंवा सिमेंटचे खांब तुम्हीच पुरवायचे असतात, ते आधीच आणून ठेवा.

मग काही दिवसांनी ‘क’ प्रत मिळते, म्हणजे मोजणीच्या नकाशाची सही-शिक्क्याची प्रत. तुमचा शेवटचा प्रश्न इथे येतो. नाही ताई, ‘क’ प्रत मिळाली म्हणून जागा ताब्यात येत नाही. मोजणीदार हद्द दाखवतो. ताबा देणं त्याच्या अधिकारात नाही. ती प्रत घेऊन दुसऱ्या दिवशी जेसीबी बोलावून बांध उखडला, तर फिर्याद तुमच्या भावावर होईल, आणि तोवर बरोबर असलेली बाजू चुकीची ठरेल.

तात्यांना मोजणी मान्य नसेल तर ते निमताना मोजणी मागू शकतात. ती तालुक्याचे उप अधीक्षक स्वतः करतात. तीही नाही पटली तर जिल्हा अधीक्षकांची सुपर निमताना. हाच मार्ग तुम्हालाही आहे. ‘फेरमोजणी टाकणार’ अशी धमकी कुणी दिली तर घाबरायचं कारण नाही. टिपणाला धरून झालेली मोजणी तिसऱ्यांदाही बहुधा तीच रेषा दाखवते.

मोजणी कायम राहिली आणि तरी तात्या हटले नाहीत, तर दोन वाटा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १३८ प्रमाणे, रीतसर हद्द ठरवली गेल्यावर दुसऱ्याच्या जमिनीत चुकीने ताबा असलेल्याला काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पण नुसती ‘क’ प्रत जोडली की हे कलम चालतं असं नाही. हद्दीचा वाद म्हणून दोघांना ऐकून निर्णय व्हावा लागतो. आणि काढलेल्या माणसाला मालकी शाबीत करण्यासाठी एका वर्षात दिवाणी कोर्टात जाता येतं. दुसरी वाट थेट दिवाणी दाव्याची. तिथे कोर्ट बहुतेक वेळा स्वतःच्या आदेशाने पुन्हा मोजणी करून घेतं. कोणत्याही वाटेने गेलात तरी मुदतीचं भान ठेवा. ताब्याच्या दाव्याला बारा वर्षांची मुदत असते, आणि त्या पट्टीवर आपला उघड, मालकी सांगून चालवलेला ताबा बारा वर्षांहून जास्त आहे, असं तात्यांचा वकील म्हणू शकतो. म्हणून बांध कधीपासून सरकायला लागला, वडील असताना कुणापुढे काही बोलणं झालं होतं का, जुना फोटो आहे का, हे आईला विचारून आत्ताच लिहून काढा. वकील तेच पहिल्यांदा विचारेल.

पण एक गुंठ्यासाठी कोर्टात जायची वेळ यावी असं मला वाटत नाही. मी तुमच्या जागी असतो तर अर्ज भरण्याआधी एकदा तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो असतो. भावाला पाठवू नका, त्या दोघांचं आधीच वाजलेलं आहे. तुम्ही जा, आईला घेऊन. म्हणा, ‘तात्या, कुणी कुणाचं घेतलंय असं आम्ही म्हणत नाही. दगड गेलाय, दोघांचीही हद्द कळेनाशी झालीय. आम्ही मोजणी टाकतोय, तुम्हीही ३१३ ची टाका, एकाच दिवशी होऊ दे.’ दोन्ही गट एकत्र मोजले तर मोजणीदारालाही सोपं, आणि तात्यांना ती ‘तुमची’ मोजणी वाटत नाही. तयार झाले तर बरं, नाही झाले तर नोटीस आहेच.

आणि रेषा निघाली, तात्यांनी मान डोलावली, तर दगड त्याच दिवशी पुरून टाका, उद्यावर ठेवू नका. उत्तरेला एक, दक्षिणेला एक, आणि १४० मीटर लांब बांध आहे तेव्हा मध्येही एक. दोन-अडीच फूट खोल, भोवती कोळसा किंवा विटांचे तुकडे घाला, म्हणजे वरचा दगड गेला तरी पुढच्या माणसाला खाली खूण सापडेल. टेपचं एक टोक तात्यांच्या हातात द्या, त्यांच्यासकट फोटो काढा, आणि ‘क’ प्रतीच्या दोन झेरॉक्स काढून एक त्यांच्या घरी पोचवा.